सतराव्या वाढदिवसाचं पत्र



माझी नात या ऑक्टोबरात सतरा वर्षांची झाली. बारावी सायन्सला आहे, लातूरला होस्टेलवर राहते. दिवाळीला घाटनांदूरला आली होती. परत निघताना मी तिच्या बॅगेत एक पाकीट ठेवलं आणि वर लिहिलं, ‘वाढदिवसाला उघड’. फॅमिली ग्रुपवर काही टाकलं नाही. तिथे चाळीस माणसं वाचतात, आणि त्यांच्यासमोर तिला ‘थँक यू आजी’ म्हणावंच लागतं. पत्राचं तसं नसतं.

या वयाच्या मुलांना लिहायला बसलं की आपला हात आधी बाळपणाकडेच जातो. ती बोबडं काय बोलायची, कशाला घाबरायची, कुठे रडली. आपल्याला ते गोड वाटतं, पण त्यांना वाटतं की घरच्यांच्या लेखी आपण अजून तेवढेच आहोत. म्हणून मी लाडाचं नाव टाळलं आणि दाखल्यावरचं तिचं नाव लिहिलं.

जन्माचा उल्लेख करूच नये असं मात्र नाही. पंडित नेहरूंनी २६ ऑक्टोबर १९३० ला नैनीच्या तुरुंगातून इंदिराबाईंना तेराव्या वाढदिवसाचं पत्र लिहिलं. त्यात त्यांच्या जन्माच्या वर्षाची आठवण आहे, पण ती पाळण्यातली नाही. १९१७ साली रशियात क्रांती झाली, तू त्या वर्षातली, असं त्यांनी सांगितलं. मला ही रीत आवडली. माझी नात ऑक्टोबर २००८ ची. त्याच महिन्यात चांद्रयान-१ निघालं होतं. मी तेवढंच लिहिलं. त्यात ती बाळ म्हणून नाही, त्या काळाची साक्षीदार म्हणून येते.

मग तिच्याबद्दल काय लिहायचं? मी एक नियम धरला: गोष्ट याच वर्षातली हवी, आणि तिने स्वतःच्या मनाने केलेली हवी. ‘हुशार आहेस, गुणी आहेस’ हे कुणालाही लिहिता येतं. ती दर महिन्याला होस्टेलच्या खर्चाचा हिशोब कागदावर मांडते. कुणी सांगितलेलं नाही. जूनमध्ये चाळीस रुपये जुळेनात, तर तिने खाली लिहिलं, ‘सापडत नाहीत’. मी बी.कॉम. झालेली बाई. न जुळणारी रक्कम ‘किरकोळ’मध्ये ढकलणारे मी खूप पाहिलेत. तिच्या त्या दोन शब्दांचं मला किती कौतुक वाटलं, हे पत्रात आलं.

खरी कसोटी पुढे होती. पर्युषणात घरी आल्यावर तिने स्पष्ट सांगितलं होतं, ‘आजी, मेसचं जेवण साडेआठला असतं. तिथे माझ्याच्यानं चौविहार होत नाही, आणि मी खोटं सांगणार नाही.’ मला वाईट वाटलं, आजही वाटतं. पत्र लिहिताना हात तिकडे वळत होता. ‘तुझ्या शरीराला आणि आत्म्याला जपशील अशी आशा’ अशी एक ओळ सहज बसली असती. पण ती आशीर्वादाच्या कागदात गुंडाळलेली ताकीद ठरली असती, आणि सतरा वर्षांच्या मुलीला ते ताबडतोब कळतं. त्या विषयावर आमचं तोंडी बोलणं झालंय, पुढेही होईल. वाढदिवसाच्या पत्रात ते नको. मार्क, नीट, वजन, रंग, लग्न यांनाही तोच नियम.

शेवटी पत्र एवढंच झालं:

‘तू आलीस त्या महिन्यात चांद्रयान-१ चंद्राकडे निघालं होतं. जूनच्या हिशोबात तू “सापडत नाहीत” असं लिहिलंस, ते मला फार आवडलं. एवढा सरळ हिशोब मोठ्यांनाही जमत नाही. सोबत पाचशे एक रुपये आहेत. याचा हिशोब मला नको. वाढदिवसाचे आशीर्वाद. आजी.’

पाकीट बंद करण्याआधी मी एक करून पाहिलं, तेही सांगते. ती हे पत्र खोलीतल्या मैत्रिणीला वाचून दाखवू शकेल का, असा विचार करत मी ते मोठ्याने वाचलं. जिथे तिला वाचता वाचता थांबावं लागेल, ती ओळ काढायची. माझी एक ओळ अशीच गेली: ‘फोन करशील ना?’ त्यात प्रेम होतं, पण वसुलीही होती. पत्राचं उत्तर द्यायचं की नाही, हे तिच्याकडे राहू द्यावं.

वाढदिवसाला तिचा फोन आला तो तिच्या आईला. मला दुसऱ्या दिवशी एक फोटो आला. ऑक्टोबरचा हिशोब होता. जमेच्या बाजूला लिहिलं होतं, ‘आजी – ५०१’. खर्चाच्या बाजूला त्यासमोर काहीच नव्हतं, आणि मीही विचारलं नाही.