माती सुकेपर्यंतची रजा

सुट्टी ठरवताना लोक नकाशा उघडतात. आम्ही यंदा दिनदर्शिका उघडली, कारण बीडकडच्या कुंभारवाड्यात बसून चार भांडी घडवायची तर गाव कुठलं यापेक्षा महिना कुठला हे आधी बघावं लागतं. पावसाळा तर बादच. माती वाळत नाही, आवा पेटत नाही. पोळ्याला मातीचे बैल, घटस्थापनेला घट, दिवाळीला पणत्या, मग अंबाजोगाईच्या बाजूला वेळ अमावास्या आणि तिच्या मागोमाग संक्रांतीची सुगडी. या सणांच्या आधी कुंभाराच्या दारात गेलो तर तो आपल्याला चहा देईल, पण चाकापाशी बसवणार नाही, आणि त्याचं बरोबरच आहे. अक्षय्य तृतीयेच्या आधीही तसंच. मधली फट सापडते ती संक्रांत उलटल्यावर. तेव्हा उन्हाळ्याचे माठ-रांजण घडायला लागलेले असतात, उन्हाला धार आलेली नसते, आणि मोठ्या भांड्याला वेळ लागतोच, त्यामुळे शेजारी कुणी बसलं तर चालतं.

याच दिवसांत जिल्ह्यातली कितीतरी घरं कुलूपबंद असतात. दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीला गेलेली माणसं उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. म्हणून फिरायला येणाऱ्यानं आधी ओळखीतून निरोप धाडावा. रिकाम्या गल्लीतून कॅमेरा घेऊन हिंडण्यात कसली सुट्टी?

कुंभारकाम बघायला गेलेला माणूस बहुधा चाक बघून परत येतो. चाक गरगरतं, ओला गोळा बघता बघता वर चढतो, पोटात अंगठे जातात, गळा वळतो, दोऱ्यानं तळ कापला जातो. सगळं काही मिनिटांत उरकतं, आणि टाळ्या वाजवून मंडळी गाडीत बसतात. माठाचं खरं काम त्याच्या आधी आणि नंतर असतं. आपल्याकडची काळी माती पाणी प्यायली की फुगते आणि वाळली की आकसते. शेतातल्या भेगांत उन्हाळ्यात पाऊल अडकतं, ती हीच माती. नुसत्या तिचं भांडं केलं तर ते सावलीतच तडकतं. म्हणून तळ्यातला गाळ आणायचा, त्यात राख आणि घोड्या-गाढवाची लीद चाळून घालायची, भिजवून मुरू द्यायची आणि मग पायांनी तुडवायची. लीदीतले बारीक तंतू ओल्या मातीला धरून ठेवतात, आव्यात ते जळून जातात आणि त्यांच्या जागी सूक्ष्म पोकळ्या राहतात. माठ पाझरतो आणि पाणी गार होतं, त्यात या पोकळ्यांचा मोठा हात असतो. चकचकीत तैलरंग फासलेला शोभेचा माठ पाणी गार करत नाही, कारण त्याची सगळी छिद्रं बुजलेली असतात.

नवख्या माणसानं पहिल्या दिवशी मातीच तुडवावी. चाकापेक्षा तिथेच शिकायला जास्त मिळतं. टाचेखाली खडा लागला की वाकून तो काढायचा. त्यातही चुनखडीचा बारीक खडा सगळ्यात घातकी. आव्यात तो भाजून निघतो, भांडं बाहेर येताना देखणं दिसतं, आणि पुढे हवेतला ओलावा शोषून तो आतल्या आत फुगतो. मग एके दिवशी माठाच्या अंगावरून नखाएवढा टवका उडतो. विकत घेताना आपण बोटानं वाजवून बघतो ते चिरेसाठी. खणखणीत वाजला तर सलग, बद्द वाजला तर कुठेतरी तडा. चुनखडी मात्र वाजवून कळत नाही. ती पायालाच कळते.

चाकावरून उतरलेला माठ जाड, बसका आणि वजनदार असतो. तो थोडा आवळला, बोटाचा ठसा उमटेल पण माती हाताला चिकटणार नाही असा झाला, की थापीचं काम सुरू होतं. आतून दगडाचा गोळा धरायचा, बाहेरून लाकडी थापी मारायची, चिकटू नये म्हणून राखेचं बोट फिरवायचं. ठोक्याठोक्यानं भिंत पातळ होते, पोट फुगतं, तळ गोल होतो. जुन्या रिवाजानं बाईनं चाकाला हात लावायचा नसतो. ओळखीच्या एका कुंभारबाबांकडे मी तसं विचारलं, तर ते म्हणाले, "ताई, चाक आमची पोरंबी आता विजेवर फिरवत्यात. तुम्ही थापी घ्या. हात तिथं तयार व्हतो." घरातल्या बायका माती मळण्यापासून आव्यापर्यंत सगळं करतात, फक्त चाक सोडून. हा नियम मला कधीच पटलेला नाही, पण थापीबद्दल बाबांचं म्हणणं खरं आहे. आतला गोळा आणि बाहेरची थापी समोरासमोर आली नाहीत तर भिंत फाटते, आणि आतला हात तर डोळ्यांना दिसत नसतो.

आता खरा पेच. थापलेली भांडी आधी सावलीत आणि मग उन्हात पूर्ण वाळायला हवीत. आत ओल राहिली तर आव्यात तिची वाफ होऊन भांडं फुटतं. म्हणून तर विस्तवही आधी मंद ठेवतात. हे वाळणं काही दिवसांचं, आणि मोठ्या माठाला जास्तच. तेवढा वेळ काय करायचं? आमच्या बेतातली पैठणची फेरी इथे बसते.

बीडहून गेवराई, शहागडला गोदावरी ओलांडायची आणि पाचोडवरून पैठणकडे वळायचं. पैठणीला 2010 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. तिथल्या मागावर मात्र आपल्याला कुणी बसवणार नाही, आणि तसा हट्टही धरू नये. समोर ताणलेली साडी कुणाची तरी असते आणि विणकराला मजुरी बहुतेक नगावर मिळते. आपण त्याचे दोन तास खाल्ले तर ते त्याच्या खिशातून जातात, म्हणून वेळेचे पैसे आधीच बोलून घ्यावेत. मागायचं काम म्हणजे कांड्या भरण्याचं. रेशमाच्या लडीतून धागा सुटा करून कांडीवर सारख्या ताणानं गुंडाळायचा. घरातली पोरं शिकायला लागतात ती इथूनच. सैल भरली तर धागा विणताना घसरतो, फार आवळली तर तुटतो.

मग मागाशेजारी नुसतं बसावं. पदरावरच्या मोराला प्रत्येक रंगाची वेगळी कांडी असते. एक रंग आपल्या हद्दीपर्यंत येतो, शेजारच्या धाग्यात अडकतो आणि मागे फिरतो, म्हणून उलट बाजूला लोंबते धागे राहत नाहीत. यंत्रावरच्या साडीचा पदर उलटा केला की सुटलेले किंवा कापलेले धागे दिसतात. हाच फरक ओळखायची खूण. दिवसभरात पदर काही बोटंच पुढे सरकतो, आणि भरजरी साडीला महिनेच्या महिने लागतात. तासाभराच्या भेटीत मोराची चोचसुद्धा पुरी होत नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा गेलं तर मान दिसते. एवढं ध्यानात ठेवायचं की फाल्गुन वद्य षष्ठीला, नाथषष्ठीच्या यात्रेत, पैठणला पाय ठेवायला जागा नसते.

परतताना बीड शहरात एक दिवस ठेवला आहे. जुन्या इंपीरियल गॅझेटियरमध्ये या गावाचं नाव येतं ते चामड्याच्या छागली आणि काठीत पातं लपवणाऱ्या गुप्त्या यांच्यासाठी. म्हणजे पाणी गार ठेवायची इथली कसबं दोन, एक मातीचं आणि एक कातड्याचं. छागल शिवणारा कुणी अजून आहे का, एवढंच चौकशी करून बघायचं.

मग आवा. गोवऱ्या, कडबा, लाकडं रचून मध्ये भांडी, वरून राख-मातीचं लिंपण. धूर कोंडला तर भांडी काळी, मोकळा सुटला तर तांबडी. आवा रात्रभर धुमसतो आणि निवल्याशिवाय तो उघडत नाहीत. घाई केली तर गार वाऱ्यानं गरम भांडं तडकतं. आवा कधी लावणार ते बाबा आधी सांगत नाहीत. ढग आले तर पुढे ढकलतात, वारं सुटलं तरी ढकलतात. फोनवर एवढंच म्हणाले, "वाळली की कळवतो."

रजेच्या अर्जात "पासून" लिहून झालंय. "पर्यंत"ची जागा कोरी बघून साहेबांनी अर्ज परत पाठवला आहे.