सोळा ठोक्यांत चार शब्द

‘अबाइड विथ मी’ या प्रार्थनेची चाल आपल्यापैकी बहुतेकांनी ऐकली असेल, पण शब्द फार थोड्यांना ठाऊक असतील. दरवर्षी 29 जानेवारीला दिल्लीच्या विजय चौकात होणाऱ्या बीटिंग रिट्रीटमध्ये ही धून अनेक वर्षे वाजत असे. 2022 पासून ती कार्यक्रमात नाही. हेन्री फ्रान्सिस लाइट या अँग्लिकन धर्मोपदेशकाने हे गीत 1847 साली, मृत्यू जवळ आलेला असताना लिहिले. आज गातात ती चाल विल्यम हेन्री मंक याने 1861 साली दिली. गांधीजींच्या आवडत्या प्रार्थनांमध्ये ही एक होती.

आमचे आजोबा सैन्याच्या एका बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवत. निवृत्तीनंतर ते लखनौच्या जानकीपुरममध्ये स्थायिक झाले आणि संध्याकाळी गच्चीवर ही धून हमखास वाजवत. आजीने ती तीस वर्षे ऐकली, पण अर्थ कधी कळला नाही. आजोबा गेल्यानंतरच्या उन्हाळी सुट्टीत ती मला म्हणाली, “तू बँडमध्ये आहेस ना? मग मला त्या गाण्याचे मराठी शब्द करून दे. वर्षश्राद्धाला मी म्हणेन. पण चाल त्यांचीच हवी हो.”

या शेवटच्या अटीमुळे काम अवघड झाले. चाल सोडायची मुभा असती तर मराठीत वाट तयार होती. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी ख्रिस्ती उपासनेसाठी अभंग-ओवीच्या वळणाची पदे लिहिली. ती ‘उपासना संगीता’त आहेत आणि आजही गायली जातात. तिथे भाषेला जे वळण सहज आहे तेच गाण्यालाही मिळते. इथे मात्र चाल कायम होती आणि शब्दांनाच तिच्या मापात बसायचे होते.

त्यासाठी आधी माप घेतले. इंग्रजी गीताच्या प्रत्येक ओळीत दहा अवयव, म्हणजे दहा उच्चार आहेत. मराठीतही दहा अक्षरे घातली की झाले, असे कोणालाही वाटेल. पण चालीत सगळे स्वर सारख्या लांबीचे नाहीत. टाळी देत मोजले तर पहिल्या तीन ओळींत ठोके असे पडतात: दोन, एक, एक, दोन, दोन, एक, एक, एक, एक, आणि शेवटचा स्वर चार ठोके. एकूण सोळा. मराठीच्या तासाला शिकलेले लघु-गुरू इथे कामाला आले. दोन ठोक्यांच्या स्वराला गुरू अक्षर आणि एका ठोक्याच्या स्वराला लघु दिले, तर ओळीचा साचा ‘गुरू लघु लघु, गुरू गुरू, चार लघु, गुरू’ असा होतो.

इंग्रजीत हे इतके काटेकोर पाळावे लागत नाही. त्या भाषेत शब्दातला एक भाग जोराने उच्चारतात. मूळ गीताच्या पहिल्याच शब्दाचा पहिला अवयव अगदी दुबळा आहे, तरी चालीने त्याला दोन ठोके दिले आहेत आणि गाणाऱ्याला ते खटकत नाही. मराठीत असा ठळक आघात नसतो. आपला कान अक्षर ऱ्हस्व की दीर्घ ते ऐकतो. म्हणून इंग्रजीचा आघात जसाच्या तसा उचलण्यात अर्थ नाही. स्वरांची लांबी पाळायची, एवढेच खरे.

दुसऱ्या ओळीत मूळ अर्थ आहे अंधार गडद होतो आहे, असा. सरळ ‘अंधार दाटे’ घेतले तर अक्षरे पाच भरतात, पण ‘धा’ एका ठोक्याच्या स्वरावर येतो. गाताना तो आखडतो आणि ऐकणाऱ्याला ‘अंधर’ ऐकू येते. कागदावर हे दिसत नाही. त्यासाठी मी एक सोपी परीक्षा ठेवली. ज्याने शब्द पाहिलेले नाहीत अशा माणसासमोर ओळ गायची आणि ऐकू आले ते त्याला लिहायला सांगायचे. शेजारच्या ताईंना मराठी येत नाही, त्या हिंदी बोलतात. त्यांनी ‘अंधर’च लिहिले. तिथे मग ‘वाट दिसेना’ आले: वा दीर्घ, ट दि ऱ्हस्व, से ना दीर्घ. अंधार हा शब्द गेला, पण वाट दिसत नाही म्हटल्यावर अंधार आलाच.

दुसरी अडचण आपल्या अकाराची. ‘सोबत’ आपण बोलताना ‘सोबत्’ म्हणतो, पण अभंगात गाताना तीनही अक्षरे पूर्ण उच्चारतो. ते कानाला चालते, फक्त तो शेवटचा ‘त’ छोट्या स्वरावर हवा. तो लांब स्वरावर आला की ‘सोबताऽ’ होते आणि शब्द मोडतो. म्हणूनच ओळीचे शेवटचे अक्षर आकार, ईकार किंवा एकाराचे ठेवले, कारण तिथे चार ठोके थांबायचे असते.

चौथ्या ओळीत चाल बदलते. तिथे दोन, एक, एक. मग चार वेळा एक. नंतर दोन, दोन, आणि शेवटी चार असे ठोके आहेत. मूळ गीत पहिल्या ओळीचे शब्द शेवटी पुन्हा आणते. मराठीत ‘सोबत राहा’ तिथे नेले तर ‘सो’ एका ठोक्यात उरकतो आणि ‘त’ दोन ठोके लांबतो, म्हणजे नेमके उलटे होते. शेवटी तीन गुरू अक्षरांचा शब्द हवा होता. तो आजीनेच दिला: “शेजारी म्हण की!” चारही ओळी अशा झाल्या:

सोऽ ब त | राऽ हाऽ | दि व स स | रेऽऽऽ
वाऽ ट दि | सेऽ नाऽ | त म प स | रेऽऽऽ
सोऽ डु न | गेऽ लेऽ | स क ळ ज | रीऽऽऽ
येऽ अ ग | ति क म ज | शेऽ जाऽ | रीऽऽऽ

म्हणजे ‘सोबत राहा, दिवस सरे, वाट दिसेना, तम पसरे, सोडुन गेले सकळ जरी, ये अगतिक मज शेजारी.’ दोन दोन ओळींचे यमक मुळातही आहे, ते इथे टिकले.

यात गमावलेलेही बरेच आहे. इंग्रजीतले शब्द तोकडे असतात. मूळ पहिल्या ओळीच्या दहा अवयवांत सात शब्द मावतात, मराठीत त्याच जागेत चार. त्यामुळे ओळीतला साधारण अर्धाच अर्थ आणता येतो आणि कोणता अर्धा, ते ठरवावे लागते. मी ‘सोबत’, ‘संध्याकाळ’ आणि ‘एकटेपण’ एवढे ठेवले. परमेश्वराला मारलेली थेट हाक या कडव्यात राहिली नाही. आजीला ते विचारले, तेव्हा ती म्हणाली, “नाव नाही ते बरंच आहे. ज्याला म्हणायचं त्याला म्हणता येईल.”

मूळ गीताची आणखी कडवी आहेत. पुढच्या कडव्यात आयुष्याच्या सरण्याबद्दल आहे, आणि ‘आयुष्य’ हा शब्द काही ओळीच्या सुरुवातीला बसत नाही: आ, यु, ष्य यांतला ‘यु’ पुढच्या जोडाक्षरामुळे गुरू होतो आणि छोट्या स्वरावर अडकतो. ‘जीवन’ मात्र बसते, जी दीर्घ, व न ऱ्हस्व. पुढची ओळ तिथून सुरू केली आहे.