अडीच वाजताचं डोकं

रात्रीच्या अपग्रेडचं वेळापत्रक बहुतेक जण पहिल्या ओळीपासून लिहायला घेतात: अकराला सिस्टिम बंद, बाराला बॅकअप, पुढे काय ते पुढे. मी ते शेवटून लिहितो. सकाळी किती वाजता बँक पुन्हा चालू दिसलीच पाहिजे, हे आधी ठरतं. तिथून मागे येत येत मी एका वेळेवर थांबतो: बिनसलं तर जुन्या स्थितीला परतायचं की पुढे जायचं, हे ठरवण्याची शेवटची वेळ. मग माझा पहिला प्रश्न यंत्राबद्दल नसतो. त्या वेळी निर्णय घेणारा माणूस किती तास जागा असेल, एवढंच मी विचारतो.

मी सहकारी बँकांच्या कोअर बँकिंगचं काम बघतो. पूर्वी संध्याकाळी शटर खाली आलं की रात्र आमची असे. एनईएफटी डिसेंबर २०१९ पासून आणि आरटीजीएस डिसेंबर २०२० पासून चोवीस तास चालू झालं, आणि यूपीआयवर तर रात्री दोनलाही कुणीतरी रिक्षाचे पैसे देतच असतो. त्यामुळे बंद ठेवण्याची वेळ आता मागून घ्यावी लागते, ग्राहकांना आधी कळवावी लागते आणि ठरल्या मिनिटाला परत करावी लागते.

माझी आवडती रात्र म्हणजे दुसऱ्या शनिवारच्या आदली, शुक्रवारची. सप्टेंबर २०१५ पासून दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी बँकांना सुट्टी असते. दुसरा शनिवार नेहमी ८ ते १४ तारखेच्या आत पडतो, म्हणजे पगार-पेन्शनची गर्दी ओसरलेली आणि महिनाअखेर अजून लांब. शिवाय काही राहून गेलंच तर काउंटर उघडेपर्यंत दोन दिवस हातात. खोट एकच: शुक्रवार हा कामाचा दिवस. ‘सकाळी या, अर्धा दिवस काम करा, रात्री थांबा,’ असं सांगण्याचा मोह इथेच होतो.

एका डेटाबेस अपग्रेडचा हिशेब मांडतो. बंद ठेवण्याची मुभा रात्री अकरा ते पहाटे पाच. रंगीत तालमीत मोजलं होतं की बॅकअपवरून जुनी स्थिती उभी करायला दीड तास लागतो आणि ती तपासायला अर्धा तास. पाचातून दोन गेले, तीन उरले. आणखी अर्धा तास हाताशी ठेवला, म्हणजे निर्णयाची वेळ अडीच.

सकाळी सातला उठलेला माणूस मध्यरात्री सतरा तास जागा असतो आणि अडीच वाजता साडेएकोणीस. डॉसन आणि रीड या संशोधकांनी १९९७ साली ‘नेचर’मध्ये दाखवलं होतं की सतरा तासांच्या जागरणानंतर माणसाची कामगिरी रक्तात ०.०५ टक्के मद्यार्क असल्यासारखी घसरते. आपल्याकडे गाडी चालवण्याची मर्यादा ०.०३ टक्के आहे. ज्याच्या हाती आपण गाडीची किल्ली देणार नाही, त्याच्या हाती बँकेचा डेटाबेस द्यायचा का?

म्हणून तीन तुकड्या. पहिली शुक्रवारी दुपारी चार ते रात्री एक. शाखांचं काम संपलं की दिवसअखेरची प्रक्रिया पुरी करणं, अकराला सेवा थांबवणं, शेवटचा बॅकअप घेणं आणि तो खरंच वाचता येतो का ते पाहणं, ही तिची कामं. दुसरी बारा ते सकाळी आठ. यातल्या कुणालाही शुक्रवारी दिवसा बोलवायचं नाही. दुपारी तीन-चार तास झोप काढून या, असं स्पष्ट सांगायचं. डेटाबेस सगळ्यात चांगला जाणणारा आणि निर्णय घेणारा, दोघेही याच तुकडीत. संध्याकाळी सातला झोपून उठलेला माणूस अडीच वाजता साडेसातच तास जागा असतो. पहाटे तीन ते पाच या वेळात शरीर तरीही ओढ घेतंच, पण एका दिवसाचं जागरण त्यात भरीला पडत नाही. तिसरी तुकडी शनिवारी साडेसात ते साडेतीन. तिने रात्रभर घरी झोपायचं. पहाटे पाचच्या आत तिला फोन करायचा नाही, नाहीतर सकाळी तीन दमलेल्या तुकड्या उरतात.

बारा ते एक हा दोन तुकड्यांचा सामाईक तास खर्चिक वाटतो आणि हिशेबनीस माणूस तो पहिल्यांदा कापतो. मी कापू देत नाही. मात्र हस्तांतर कामाच्या ऐन मध्यात येता कामा नये. बॅकअपची खात्री बाराला संपते, अर्धा तास पहिली तुकडी लॉगवर बोट ठेवून दुसरीला सगळं दाखवते, आणि साडेबाराला अपग्रेड दुसरी तुकडीच सुरू करते. ज्याने सुरू केलं, त्यानेच ते संपताना पाहायचं.

अडीच वाजता काय पाहायचं, हेही आदल्या आठवड्यात दिवसाउजेडी लिहून ठेवायचं. आमच्या कागदावर तीन अटी होत्या: डेटाबेस नव्या आवृत्तीवर उघडला आहे, खात्यांची आणि जनरल लेजरची बेरीज अकराच्या बेरजेशी पैशापर्यंत जुळते, ठरवलेले चाचणी व्यवहार पार पडले. एक जरी चुकली तरी परत. यात चर्चेला जागा ठेवायची नाही, कारण पहाटे सगळ्यांना एकच वाक्य सुचतं: ‘अजून पंधरा मिनिटं द्या, होतच आलंय.’ थकवा ओळखायच्या खुणाही ठरलेल्या असतात. माणूस तीच ओळ पुन्हा वाचतो, आकडा न दाखवता ‘झालं’ म्हणतो, खिडकी बदलताना कुठल्या सर्व्हरवर आहोत हे पाहत नाही. म्हणून एकाने कमांड मोठ्याने वाचायची, दुसऱ्याने टाइप करायची, आणि त्याआधी `hostname` विचारून उत्तरही मोठ्याने वाचायचं.

आता दुसऱ्या दिवसाची विश्रांती. ‘शनिवार सुट्टीच आहे की, झोपतील,’ असं म्हटलं जातं. यात दोन वेगळी खाती एकत्र होतात. झोप हा त्या रात्रीच्या कामाचाच भाग आहे. गेलेली सुट्टी हे वेगळं देणं. कारखाना कायदा, १९४८ च्या ५७ व्या कलमात हे नेमकं सांगितलं होतं: पाळी मध्यरात्रीपलीकडे गेली तर कामगाराचा सुट्टीचा दिवस पाळी संपल्यापासूनचे सलग चोवीस तास धरायचा. आमची कार्यालयं कारखान्यात मोडत नाहीत, पण मी तोच नियम लावतो. आठला सुटलेल्याला रविवारी आठपर्यंत फोन नाही. काम लांबून दहाला सुटला तर घड्याळ दहापासून. घरी सोडायला कंपनीची गाडी. पहिल्या तुकडीलाही, कारण रात्री एकला तिचाही सतरावा तास जवळ आलेला असतो. बदली सुट्टी लगेच पुढच्या मंगळवारी किंवा बुधवारी, तारीख आधीच लिहून. ‘नंतर बघू’ म्हटलेली सुट्टी सहसा कुणाला मिळत नाही. सोमवारी मात्र नाही. नव्या डेटाबेसवर खरा भार सोमवारी सकाळी येतो, आणि तो जाणणारा माणूस तेव्हा ताजा हवा.

छोट्या बँकेत तीन तुकड्यांइतकी माणसं नसतात आणि वेळापत्रक माणसं पैदा करत नाही. तिथे मी काम लहान करतो: डेटाबेस एका महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी, अॅप्लिकेशन पुढच्या महिन्याच्या. व्यवस्थापन विचारतं, एकाच रात्री का नाही? मी कागद पुढे सरकवतो आणि अडीचच्या रकान्यात कुणाचं नाव लिहू ते विचारतो. नाव सापडलं नाही, तर ती रात्र अजून ठरलेली नसते.