नातीसाठी ‘डिड’

चाकणच्या शाळेत ३६ वर्षे मराठी व्याकरण शिकवून आम्ही निवृत्त झालो आणि टोरोंटोच्या नातीशी बोलता यावे म्हणून इंग्रजीचे विद्यार्थी झालो. एका रविवारी फोनवर आम्ही विचारले, “डिड यू एट?” ती खुदकन हसली. आम्ही खजील झालो.

मग वही उघडली. ‘जेवलीस का?’ यात भूतकाळ क्रियापदच वाहते. इंग्रजी प्रश्नात तो भार ‘डिड’ उचलतो. म्हणून ‘ईट’ मूळ रूपातच राहते.

पुढच्या रविवारी आम्ही बिनचूक विचारले, “डिड यू ईट?”

“येस! आजोबा, तू जेवली?”

घरी तिला जसे विचारतात, तसेच तिने आम्हांला विचारले होते. जन्मभर लाल शाईने चुका सुधारणारे आम्ही एवढेच म्हणालो, “जेवलो, बाळ.”