डावा हात आणि पेटीतली हवा

हार्मोनियम वाजवणाऱ्याची भीती लोकांना उजव्या हाताच्या बोटांत दिसते. ऐकू मात्र ती डाव्या हातातून येते, कारण भाता त्या हातात असतो. ही गोष्ट मला माझ्या चौदा वर्षांच्या भाच्यामुळे कळली.

मोहल्ल्यात ईद मिलनची कव्वाली होती आणि तो पहिल्यांदाच चारचौघांत पेटी वाजवणार होता. संध्याकाळी हात लावून पाहिले, तर बर्फासारखे गार. भाता तो भराभर, तुटक झटक्यांनी मारत होता. सूर एकदा फुगायचा, एकदा बसायचा.

शेजारचे वयस्क पेटीवाले चाचा जवळ येऊन बसले. त्यांनी समजावले, "बेटा, बाहेरचा भाता नुसती हवा ढकलतो. आत दुसरा भाता आहे, त्याला स्प्रिंग असते. हवा तिथे साठते आणि तिथून सुरांना जाते. आतली हवा संपली की तुझ्या हाताचा प्रत्येक झटका थेट सुरात येतो. ती भरलेली असली की झटके आतच जिरतात."

मग त्यांनी त्याला दोन-तीन सावकाश, लांब झोके द्यायला लावले. नंतर फक्त सा दाबून ठेवायचा आणि डावा हात भात्यावरून उचलायचा. सूर काही क्षण तसाच चालू राहिला. पोराने आपल्या हाताकडे पाहिले. हात थरथरत होता, सूर स्थिर होता. त्याच्या चेहऱ्यावरचा ताण तिथेच थोडा उतरला.

खरी कसोटी पुढे आली. सुरुवातीला पाच मिनिटे उरली असताना गाणारे म्हणाले, "आज गळा छान लागलाय, काळी एक घेऊ या." आमच्या घरची पेटी साधी, पट्टी सरकवायची सोय नाही. पोराने महिनाभर पांढरी एकवर सराव केला होता. तिथे शुद्ध सातही सूर पांढऱ्या पट्ट्यांवर येतात. काळी एकला सा धरला की पाच सूर काळ्यांवर जातात, फक्त ग आणि नी पांढऱ्यांवर राहतात. बोटांना सगळा रस्ता नवा.

भाचा माझ्याकडे बघू लागला. मी काही बोललो नाही. मग तोच हळूच म्हणाला, "चाचा, मला पांढरी एकच बसलीय. तबलाही तिच्यावरच मिळवलाय."

गाणारे तबलजींकडे वळले. त्यांनी हातोडी पिशवीत टाकलेली होती. ते नुसते हसले. पांढरी एकच ठरली.

पहिल्या कडव्यात त्याने तानबिन काही घेतली नाही. गायकाच्या ओळीखाली सूर धरून ठेवला आणि भाता सावकाश भरत राहिला. बोटे शेवटपर्यंत थरथरत होती, पुढच्या रांगेतल्या आपाला ती दिसलीही. पण मागे बसलेल्या कोणालाही काही ऐकू आले नाही.