चाक गुणगुणतंय, टायर की बेअरिंग?

शनिवार सकाळ, चहा झालाय, बायको आणि पोरगं अजून झोपलेत. म्हणजे लिहायला हरकत नाही. आज कोडबद्दल नाही, गाडीबद्दल. पण गोष्ट शेवटी डिबगिंगचीच आहे, आणि त्यात मी एक चूक केली जी हापिसात ज्युनियरने केली असती तर मी त्याला पंधरा मिनिटं ऐकवलं असतं.

आमची गाडी म्हणजे साधी लहान हॅचबॅक, सत्तर हजार किलोमीटर पळालेली. पावसाळा संपता संपता तिच्यातून आवाज यायला लागला. चाळीसच्या वर गेलं की घूंऽऽऽ सुरू, साठला चांगलाच मोठा, ऐंशीला मागच्या सीटवरच्या माणसाशी ओरडून बोलायचं. गाडी न्यूट्रलला टाकून नुसती वाहू दिली तरी आवाज तसाच, वेगाबरोबर कमी होत जाणारा. म्हणजे इंजिन सुटलं. उरले दोन संशयित: टायर किंवा व्हील बेअरिंग.

आता मी पडलो इंजिनियर. नेटवर वाचलं की जॅक लावा, चाक वर-खाली धरून हलवा, हललं तर बेअरिंग गेली. सोसायटीच्या पार्किंगमध्ये रविवारी पुढची दोन्ही चाकं एकेक करून उचलली, हलवली. काहीच हललं नाही. म्हणजे बेअरिंग ठीक, म्हणजे टायर. लॉजिक एकदम स्वच्छ! टायरच्या दुकानदारानेही टायरवरून हात फिरवून "कपिंग झालंय साहेब" असं सांगितलं. पुढचे दोन टायर नवे घातले, साडेआठ हजार रुपये गेले. पहिले दोन दिवस आवाज जरा कमी वाटला. (पैसे गेले की कान पण मदत करतात.) तिसऱ्या दिवशी घूंऽऽऽ हजर.

तसाच दिवाळीला गावी निघालो. गाव म्हणजे धामणगाव बढे, मोताळा तालुका, जिल्हा बुलढाणा. पुण्याहून चारशे किलोमीटरच्या वर. येताना आईला सोबत आणायचं होतं, तिच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनची तारीख मंगळवारची होती. आवाजाचं काय ते पुण्याला परत आल्यावर बघू, असा विचार.

बुलढाणा सोडून राजूर घाट उतरायला लागलो तेव्हा पहिल्यांदा काहीतरी लक्षात आलं. डावीकडच्या वळणावर आवाज वाढायचा, उजवीकडच्या वळणावर जवळजवळ गायब. दोन-तीन वळणं मी योगायोग म्हणून सोडून दिली. मग बायको म्हणाली, "अरे, हा आवाज वळणाप्रमाणे बदलतोय का?" टायर असा बाजू बघून बोलत नाही. गाडी डावीकडे वळली की तिचं वजन उजव्या चाकांवर जातं. ज्या बेअरिंगवर वजन वाढल्यावर आवाज वाढतो, ती बेअरिंग संशयित. म्हणजे उजवी बाजू. पण मी तर हलवून पाहिलं होतं!

गावात आमच्या घरामागे ट्रॅक्टर दुरुस्तीचं दुकान आहे. दुकानवाल्यांना अख्खं गाव मामा म्हणतं, मीही. मी टायर बदलल्याची कथा सांगितली.

"टायर बदलले, अन् आवाज तोच?" मामा म्हणाले. "मंग त्या टायराचा गुन्हा काय होता?"

काय बोलणार.

"अन् बदलायच्या आधी मागचे पुढं, पुढचे मागं करून पायले होते का? आवाज टायराचा असता तं टायराच्या मागं मागं गेला असता. फुकटात समजलं असतं."

ही साधी अदलाबदल, म्हणजे एका वेळी एकच गोष्ट बदलून बघणं, मी रोज हापिसात करतो. गाडीच्या बाबतीत मात्र थेट प्रॉडक्शनमध्ये साडेआठ हजार ओतले. असो.

मग मामांनी जे केलं ते नीट सांगतो, कारण तेच या लेखाचं कारण आहे. गाडी दुकानापुढच्या सपाट फरशीवर घेतली, हँडब्रेक ओढला, गिअर न्यूट्रल. हँडब्रेक फक्त मागची चाकं धरतो, म्हणून मागच्या दोन्ही चाकांना पुढून-मागून दगड लावले. उजवं पुढचं चाक जॅकने उचललं आणि लगेच खाली घोडी सरकवली. जॅकवर विश्वास ठेवायचा नाही, तो उचलायला असतो, धरून ठेवायला नाही.

पहिली पायरी माझ्यासारखीच. चाक वर आणि खाली, म्हणजे घड्याळात १२ आणि ६ वाजता, धरून आत-बाहेर दाबायचं. यावेळी हाताला बारीकशी "टक्" लागली. महिन्याभरात प्ले आला होता. मी म्हटलं, "झालं, बेअरिंग!" मामा म्हणाले थांब. तशी टक् खालचा बॉल जॉइंट ढिला असला तरी येते. त्यांनी माझ्या बायकोला गाडीत बसवून ब्रेक दाबून धरायला सांगितलं आणि चाक पुन्हा हलवलं. टक् गायब.

याचा अर्थ मला दोन मिनिटांनी कळला. ब्रेक दाबला की कॅलिपर डिस्कला पकडतो आणि चाक सरळ नकलला बांधलं जातं. मधली बेअरिंग जणू बाजूला पडते. मग खेळ बेअरिंगचा असेल तर नाहीसा होतो. बॉल जॉइंट नकलच्या पलीकडे आहे, त्याला ब्रेकचं काही देणंघेणं नाही, त्याचा खेळ ब्रेक दाबूनही तसाच राहतो. तसंच ३ आणि ९ वाजता धरूनही पाहायचं. फक्त तिथेच हललं आणि १२-६ ला काहीच नसलं, तर बहुतेक स्टिअरिंगचा टायरॉड एंड. आमचं चाक दोन्हीकडे हललं, आणि ब्रेक दाबल्यावर दोन्हीकडे थांबलं.

दुसरी पायरी मला माहीतच नव्हती. मामांनी एका हाताने चाक फिरवलं आणि दुसऱ्या हाताची बोटं सस्पेन्शनच्या कॉइल स्प्रिंगवर अलगद ठेवली. "हात लावून पाय."

लावला. स्प्रिंगमधून बोटांना खरखर येत होती, जात्यात वाळू भरडल्यासारखी. कानाला मात्र ब्रेकच्या लायनरची हलकी घासट सोडली तर काही विशेष ऐकू येत नव्हतं. मग डावं चाक तसंच उचलून बोटं ठेवली, तिथे एकदम गुळगुळीत. ही तुलना करायचीच, नाहीतर खरखर म्हणजे किती हे कळत नाही.

मग मी तो प्रश्न विचारला जो महिनाभर छळत होता: पुण्यात प्ले का नव्हता? मामांनी कोपऱ्यातून एक जुनी, कापून उघडलेली बेअरिंग आणली. तिच्या आतल्या कडीवर, जिथून गोळ्या धावतात, तिथे बारीक खवले उडाले होते. सील फाटून पाणी-माती आत गेली, ग्रिस धुतलं, किंवा खड्ड्यात जोराचा मार बसला की त्या पट्टीवर असे खड्डे पडतात. गोळ्या त्यावरून धावल्या की घूंऽऽऽ. साठच्या वेगाला आपलं चाक सेकंदाला साधारण नऊ फेरे मारतं, वर गाडीचं वजन. तेव्हा हे खड्डे गाऊ लागतात. पण ते इतके उथळ असतात की हाताने हलवलं तर चाक हलल्याचं जाणवणारच नाही. जॅकवर तर चाकावर वजनही नाही, आणि आपण फिरवणार सेकंदाला जेमतेम एक फेरा.

थोडक्यात, आवाज आधी येतो, प्ले नंतर. प्ले सापडला आणि ब्रेकने गेला तर बेअरिंग गेली, यात शंका नाही. पण प्ले नाही सापडला तर बेअरिंग निर्दोष सुटली असं मुळीच नाही. माझी टेस्ट पास झाली म्हणून मी बग नाही असं ठरवलं होतं. टेस्टमध्ये तो बग पकडायची ताकदच नव्हती!

आता प्रश्न आईच्या तारखेचा. मी विचारलं, "मामा, नट आवळून नाही का भागणार? ट्रॅक्टरचं तर तुम्ही आवळता." ट्रॅक्टरच्या पुढच्या चाकात टेपर रोलर असतात, त्यांचा प्ले नट आवळून बेतता येतो. आमच्या गाडीत सीलबंद बेअरिंग. तिचा नट ठरलेल्या जोरानेच आवळायचा असतो, जास्त आवळून उडालेले खवले परत बसत नाहीत. आणि हाताला लागेल इतका प्ले आल्यावर चारशे किलोमीटर हायवेने न्यायची नाही. बेअरिंग तापून जाम होऊ शकते, चाक डगमगायला लागलं तर ताबा जातो. नुसतं हलकं गुणगुणणं असतं तर बेतानं जवळच्या गॅरेजपर्यंत गेलो असतो, त्यापलीकडे नाही.

हबचा नट सोडून शनिवारी सकाळी नकल बाहेर काढली. बेअरिंग तिच्यात दाबून बसवलेली असते आणि त्याला प्रेस लागतो, जो मामांकडे नाही. हातोड्याने ठोकून बसेलही, पण जोर चुकीच्या कडीवर पडला तर तो गोळ्यांतून जातो, आणि नवी बेअरिंग पहिल्याच दिवशी आतून ठेचली जाते. मग पंधरा दिवसांत परत घूंऽऽऽ. म्हणून मी ती नकल गोणीत घालून एसटीने मलकापूरला नेली. कंडक्टरने "यात काय आहे?" विचारलं, मी "चाकाचं हाड" म्हटलं :) तिथे बेअरिंग घेतली, प्रेसवर बसवून घेतली. बेअरिंग आणि मजुरी मिळून अडीच हजाराच्या आत. संध्याकाळी मामांनी नवा नट टॉर्क पान्याने आवळला, पैसे घ्यायला नकार दिला, चिवडा मात्र घेतला.

सोमवारी पहाटे आईला घेऊन निघालो. राजूर घाट चढताना मी आणि बायको दोघंही बोलायचे थांबलो आणि वळणं ऐकत बसलो. डावीकडे काही नाही, उजवीकडे काही नाही. मागून आई म्हणाली, "काय झालं रे? भांडले का तुम्ही?"

ऑपरेशन मंगळवारी नीट झालं. जुने दोन टायर बाल्कनीत पडून आहेत, एकदम चांगले. कुणाला हवेत का? आवाज करत नाहीत, खात्री आहे.