तिकीट एकच, मग भाडं वेगळं का?

तुमचं कुणी परदेशात राहत असेल, तर हा फोन तुम्हालाही आला असेल: “अगं, तिकडे काय दाखवतंय? इकडे स्वस्त दिसतंय!” माझी ताई जर्मनीत असते. आईबाबांचं मुंबई-फ्रँकफर्ट-मुंबई तिकीट काढायचं ठरलं, तेव्हा तीच विमानं, त्याच तारखा आणि तेच संकेतस्थळ असूनही माझ्या मोबाइलवर एक भाडं दिसत होतं आणि तिच्या मोबाइलवर दुसरं. मी ‘देश: भारत’ ठेवला होता, तिने ‘देश: जर्मनी’.

एक गैरसमज आधी दूर करते. देश बदलला म्हणून प्रवासाची सुरुवात बदलत नाही. मुंबईहून निघून परत मुंबईला येणं आणि फ्रँकफर्टहून निघून परत फ्रँकफर्टला जाणं ही दोन वेगळी तिकिटं आहेत, त्यांची भाडी वेगळी असणारच. ताईच्या मैत्रिणीने सांगितलेला ‘स्वस्त आकडा’ बऱ्याचदा या दुसऱ्या तिकिटाचा असतो. आपला प्रश्न तिकीट कुठे विकलं जातंय याचा आहे.

विमान कंपन्या एका मार्गावर एकच भाडं ठरवत नाहीत, डझनावारी ठरवतात. बहुतेक कंपन्या ही भाडी ‘एटीपीको’ नावाच्या अमेरिकेतल्या संस्थेकडे नोंदवतात. प्रत्येक भाड्यासोबत नियमांची यादी असते आणि त्यात १५ क्रमांकाचा प्रकार विक्रीच्या बंधनांचा असतो: हे भाडं कोणत्या देशात विकायचं, कुणी विकायचं, कधीपर्यंत विकायचं. त्यामुळे ताईला दिसणारं एखादं भाडं माझ्या यादीत मुळात नसतंच. प्रत्येक देशातली स्पर्धा वेगळी आणि गिऱ्हाईकाची खर्चाची तयारीही वेगळी, म्हणून कंपन्या असं करतात. आपल्याला हे नवीन नाही. पूर्वी इंडियन एअरलाइन्स देशातल्याच विमानात परदेशी प्रवाशांकडून डॉलरमध्ये वेगळं, जास्त भाडं घ्यायची.

आता आमचा हिशेब. सोयीसाठी एक युरो १०० रुपयांचा धरते. माझ्याकडे पहिल्या पानावर माणशी ६१,६५० रुपये दिसत होते, पण पैसे भरायच्या पानावर ७५० रुपये ‘सुविधा शुल्क’ लागलं आणि झाले ६२,४००. युरोपीय संघात २००८च्या नियमानुसार न टाळता येणारे कर आणि शुल्कं धरूनच भाडं दाखवावं लागतं. म्हणून पहिल्या पानांची तुलना करूच नका, शेवटच्या पानांची करा. ताईकडे शेवटी ५९० युरो आले, म्हणजे ५९,००० रुपये. दोन्हीकडे २३ किलोची एक बॅग धरलेली आहे, हेही आम्ही उघडून पाहिलं. सर्वात स्वस्त भाड्यात बऱ्याचदा फक्त हातातली बॅग असते, आणि आमची आई लोणचं-मसाले घेतल्याशिवाय उंबरा ओलांडत नाही.

माणशी ३,४०० रुपयांचा फरक! पण माझ्या भारतीय कार्डाने युरो भरले, तर बँक परकीय चलनाचं शुल्क घेते. माझ्या कार्डावर ते साडेतीन टक्के, म्हणजे २,०६५ रुपये, आणि त्या शुल्कावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ३७२. एकूण ६१,४३७. राहिला ९६३ रुपयांचा फरक. काही संकेतस्थळं “रुपयांतच भरा” असा पर्याय पुढे करतात. तिथला विनिमय दर बहुधा बँकेपेक्षा महाग असतो, तेव्हा तोही ताडून पाहा.

ताईने तिच्या जर्मन कार्डाने भरले असते, तर हे शुल्क लागलं नसतं आणि दोघांचे मिळून ६,८०० रुपये वाचले असते. आम्ही जवळजवळ ठरवलंच होतं. मग मी दोन्हीकडचे भाड्याचे नियम शेजारी ठेवून वाचले. विमानतळाची शुल्कं दोन्हीकडे सारखीच होती, कारण ती मार्गावर ठरतात. फरक मूळ भाड्यात होता आणि भाड्याचा कोडही वेगळा होता. कोड वेगळा असेल तर नियमही वेगळे असू शकतात, हे इथे कळतं. ताईचं भाडं रद्द केल्यास मूळ रकमेतलं काहीच परत मिळणार नव्हतं आणि तारीखही बदलता येणार नव्हती. माझ्याकडच्या भाड्यात शुल्क भरून तारीख बदलता येत होती.

बाबांच्या मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेची तारीख अजून नक्की नव्हती. ताई म्हणाली, “राहू दे गं, तिकडूनच काढ.” तेव्हा ६२,४०० चीच दोन तिकिटं काढली. शस्त्रक्रिया पुढच्या महिन्यात आहे. तारीख बदलावी लागते की नाही, ते डॉक्टर सांगतील तेव्हा कळेल.